रस्त्याचा हिशेब : मापाची वही कशी वाचावी

मी काही इंजिनियर नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते खडी फोडणाऱ्या, माती खणणाऱ्या आणि डांबराच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसांच्या संगतीत. तेव्हा रस्त्याच्या कामाचा हिशेब कसा तपासावा, या विषयावर बोलायला चालकांनी मला का बोलावले, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. त्याचे उत्तर असे की, ज्या वहीवर कंत्राटदाराचे बिल निघते त्याच वहीवर पूर्वी आमच्या माणसांची मजुरी निघत असे, आणि मजुरी कमी का पडते हे शोधता शोधता मला ती वही वाचता येऊ लागली.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरी दिवसावर मिळत नसे, कामाच्या मापावर मिळत असे. टोळीने खड्डा खणायचा, ओव्हरसियरने येऊन त्याची लांबी, रुंदी, खोली घ्यायची, आणि गुणाकार करून येतील तेवढ्या घनमीटरचे पैसे द्यायचे. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता सोडत. जमीन मुळात किती उंच होती, याचा तो साक्षीदार. एका आठवड्यात आमच्या टोळीच्या हातात निम्मीच मजुरी पडली. मी दोरी आणि फूटपट्टी घेऊन खड्डे मोजले. खोली साठ सेंटीमीटर भरली. वहीत चाळीस लिहिली होती. माप घ्यायला कोणी आलेच नव्हते; कचेरीत बसून वही भरली होती. पुढे काही वर्षांनी कंत्राटी कामावर तीच तऱ्हा उलट्या बाजूने दिसली. जी वही मजुराला साठाचे चाळीस करून देत होती, तीच कंत्राटदाराला साठाचे ऐंशी करून देत होती. दोन्ही ठिकाणी खोट एकच : माप जागेवर घेतले नव्हते.

या वहीचे सरकारी नाव मोजमाप पुस्तक. कचेरीत सगळे तिला एम. बी. म्हणतात. आता पुष्कळ खात्यांत ती संगणकावर भरली जाते, पण तिचे नियम तेच आहेत, आणि ते ज्याने घालून दिले त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. प्रत्येक वहीला क्रमांक असतो आणि कोणती वही कोणाला दिली याची नोंद कचेरीत असते. पाने छापील क्रमांकाची. पान फाडता येत नाही, कोरे सोडता येत नाही. नोंद शाईने आणि जागेवरच करायची. चूक झाली तर खोडरबर चालत नाही. आकडा वाचता येईल असा एका रेघेने छेदून वर नवा आकडा लिहायचा आणि सही करायची. कामाचे नाव, कराराचा क्रमांक, काम पुरे झाल्याची तारीख आणि माप घेतल्याची तारीख वर घालायची. कनिष्ठ अभियंत्याने माप घेतले की वरच्या साहेबाने त्यातली काही मापे स्वतः जागेवर जाऊन पुन्हा घ्यायची आणि कोणती घेतली त्यापुढे सही करायची. बिल मंजूर झाले की त्या पानांवर लाल शाईने तिरपी रेघ मारायची, म्हणजे तेच माप दुसऱ्यांदा बिलात येणार नाही.

एवढे नियम असताना खोटे शिरते कुठून? ते समजण्यासाठी रस्ता म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. आपल्याला दिसतो तो काळा पदर वीस-पंचवीस मिलिमीटरचा. त्याखाली डांबर लावलेल्या खडीचा थर, त्याखाली पाणी मारून दाबलेल्या खडीचे एक-दोन थर, त्याखाली मुरूम, त्याखाली माती. प्रत्येक थर आपल्या खालच्याला झाकून टाकतो. म्हणून खालचा थर झाकण्यापूर्वी कंत्राटदाराने कळवावे आणि खात्याने त्याचे माप घ्यावे, अशी अट करारातच असते. इमारतीची भिंत दहा वर्षांनीही मोजता येते. मातीचा भराव मात्र मूळ जमिनीच्या पातळ्या आधी घेऊन ठेवल्या नसतील तर ब्रह्मदेवालाही मोजता येणार नाही. म्हणून भरावाचा हिशेब पाहताना मी प्रथम पातळ्यांची वही मागतो आणि तिच्यावरची तारीख काम सुरू होण्यापूर्वीची आहे की नंतरची, एवढेच पाहतो. नंतरची असेल तर पुढच्या बेरजा-वजाबाक्या कितीही सुबक असोत, त्यांना काही अर्थ नाही.

आता एक काम घेऊन बसू. गाव, खाते, कंत्राटदार यांची नावे मी सांगणार नाही; त्यांचे आपल्याला काम नाही. आमच्या तालुक्यातला एका वाडीला जोडणारा रस्ता. पहिल्याच पावसाळ्यात त्याला खड्डे पडले. तेथील एका निवृत्त शिक्षकाने माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज केला आणि कागद घेऊन ते माझ्याकडे आले. अर्ज त्यांनी शहाणपणाने केला होता. ‘रस्त्यात भ्रष्टाचार झाला आहे काय’ असा प्रश्न त्यांनी विचारला नाही; तसे विचारणाऱ्याला ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्यांनी कागद मागितले : करार आणि त्याला जोडलेले कामाच्या बाबींचे परिमाणपत्रक, मोजमाप पुस्तकाची सर्व पाने, प्रत्येक चालू बिल, चाचण्यांची नोंदवही, खडीचे स्वामित्वधनाचे पास आणि डांबराची चलने. शेवटचे दोन कागद मागायचे लोकांना सुचत नाही. खरा बोलका पुरावा तेच असतात.

करार असा होता. लांबी १,२०० मीटर, रुंदी ३.७५ मीटर. मुरुमावर दाबलेल्या खडीचे दोन थर, प्रत्येकी ७५ मिलिमीटर. त्यावर डांबरी खडीचा ५० मिलिमीटरचा थर. त्यावर २० मिलिमीटरचा कार्पेट आणि सीलकोट. गुणाकार शाळेतला आहे. १,२०० गुणिले ३.७५ म्हणजे ४,५०० चौरस मीटर. ७५ मिलिमीटर म्हणजे ०.०७५ मीटर, एका थराची दाबलेली खडी ३३७.५ घनमीटर, दोन थरांची ६७५. बिलात हाच आकडा होता, आणि करारातही हाच.

येथे पहिली शंका यावी. करारातला आकडा हा काम सुरू होण्यापूर्वी नकाशावरून काढलेला अंदाज असतो. काम होताना कुठे वळणावर रुंदी वाढते, कुठे विजेचा खांब आड येतो, कुठे मोरी लागते. प्रत्यक्ष माप करारापेक्षा थोडे कमी किंवा थोडे अधिक यायचेच. ते दशांशापर्यंत जुळले तर समजावे की टेप पिशवीतून बाहेर निघालाच नाही. करारावरून वही उतरून घेतली. आमच्या वहीत साखळी शून्यापासून १,२०० पर्यंत एका ओळीत होती. रुंदी एकच, जाडी एकच. साखळी म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर. चांगला अभियंता तीस-पन्नास मीटरच्या तुकड्यांनी मापे घेतो, आणि त्याची रुंदी ३.७२, ३.७८, ३.७५ अशी हिंडत असते. सत्य जरा ओबडधोबड असते. त्याला इस्त्री केलेली नसते.

दुसरी गोष्ट कागद घेऊन रस्त्यावर गेल्यावर कळली. वाटेत एक ओढा आहे आणि त्यावर सिमेंटची फरशी, छत्तीस मीटर लांब. ती आधीपासूनच होती. तिच्यावर खडीही नाही, डांबरही नाही. वाडीतली पोरे तेथे उन्हाळ्यात क्रिकेट खेळतात. वहीत मात्र शून्य ते बाराशे अखंड खडी आणि अखंड डांबर. छत्तीस गुणिले ३.७५ म्हणजे १३५ चौरस मीटर, आणि दोन थरांची मिळून सव्वावीस घनमीटर खडी ओढ्याच्या हवेत अंथरली गेली होती. रक्कम मोठी नव्हे. पण या एका नोंदीने सिद्ध होते की माप घेणारा रस्त्यावरून चालत गेलाच नाही; आणि तिच्यापुढे ‘मी जागेवर तपासले’ अशी वरच्या साहेबाची सही होती, तीही मग काय लायकीची ते कळते. म्हणून माझा सल्ला असा की, जाडीच्या भानगडीत शिरण्यापूर्वी पूल, फरशा, मोऱ्या आणि आधीच काँक्रीट झालेले तुकडे शोधावेत. तेथे वाद घालायला जागा राहत नाही.

रुंदी आम्ही दर पन्नास मीटरवर मोजली. ती बरोबर भरली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तपासायला निघालेल्या माणसाला सगळेच खोटे दिसू लागते आणि त्यात त्याचे हसे होते. रुंदी डोळ्यांना दिसते, सरपंचही पावलांनी मोजतो; म्हणून तेथे कंत्राटदाराने पुरे दिले होते. न दिसणाऱ्या ठिकाणी काय झाले, हे पाहायचे होते.

जमिनीत शिरण्यापूर्वी कागदांनाच एकमेकांचे साक्षीदार करता येते. खडी आकाशातून पडत नाही. ती खाणीतून येते, आणि खाणीतून निघताना सरकारला स्वामित्वधन भरून पास घ्यावा लागतो. पासावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि माल किती ब्रास ते असते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मीटरच्या हिशेबाने सुमारे २.८३ घनमीटर. आता लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, गाडीतली सैल खडी रोलरखाली दबते. केंद्र सरकारच्या रस्ते-विनिर्देशात ७५ मिलिमीटर दाबलेल्या थराला दर दहा चौरस मीटरला ०.९१ ते १.०७ घनमीटर सैल खडी धरली आहे. आमच्या रस्त्याचे फरशी वजा जाता क्षेत्र ४,३६५ चौरस मीटर. दोन थरांना सुमारे ७९४ ते ९३४ घनमीटर सैल खडी हवी. म्हणजे २८० ते ३३० ब्रास. बिलाला जोडलेले पास एकूण २३० ब्रासचे निघाले. उलट हिशेब केला तर एवढ्या खडीतून साडेचारशे ते पाचशे चाळीस घनमीटर दाबलेला थर होतो. बिल ६७५ चे.

यावरून खडी कमी पडली असे मी त्या दिवशी म्हणालो नाही. कारण दुसरी शक्यता असते : खडी पूर्ण आली, पण काही गाड्या पासाशिवाय, चोरीच्या खाणीतून आल्या. तसे असेल तर रस्ता चांगला आणि सरकारचे स्वामित्वधन बुडाले. गुन्हा आहे, पण निराळा. कागद संशयाची दिशा दाखवतो. पासांचे आणखी एक पाहावे : एकच गाडी एका दिवसात किती खेपा करते. खाण चाळीस किलोमीटरवर आणि एका टिप्परच्या दिवसाला चौदा खेपा असतील, तर त्या टिप्परला पंख असले पाहिजेत.

डांबराचा हिशेब याहून पक्का बसतो, कारण डांबर खाणीत खणून मिळत नाही. ते तेलशुद्धीकरण कारखान्यातून टँकरने येते आणि प्रत्येक टँकरला क्रमांकाचे चलन असते. डांबरी खडीचा थर बिलाप्रमाणे २२५ घनमीटर. घनता घनमीटरला सुमारे २.२ टन धरली तर ४९५ टन मिश्रण. त्यात वजनाने ३.३ टक्के डांबर, म्हणजे सव्वासोळा टनांच्या आसपास. वरच्या कार्पेटला दर दहा चौरस मीटरला १४.६ किलो आणि सीलकोटला ६.८ किलो, हे दोन्ही मिळून साडेनऊ टनांच्या थोडे वर. एकंदर सव्वीस टन. फरशीची जागा वगळली तरी पंचवीस. बिलाला तीन चलने जोडली होती, एकंदर सत्तावीस टनांची. कागद बिनतोड.

शिक्षक म्हणाले, ‘‘आबा, इथे तर सगळं जमतंय की.’’ मी म्हणालो, ‘‘गुरुजी, चलन मूळ आहे की झेरॉक्स, ते बघा.’’ तिन्ही झेरॉक्स होती. त्याच उपविभागात त्याच वर्षी त्याच कंत्राटदाराने दुसरा एक रस्ता केला होता. गुरुजींनी पुन्हा दहा रुपयांचा अर्ज करून त्या कामाची चलने मागवली. नऊ टनांचे एक चलन दोन्ही फायलींत निघाले. क्रमांक तोच, तारीख तीच, टँकर तोच. एक टँकर दोन रस्त्यांवर कसा रिकामा होणार? ते चलन दुसऱ्या रस्त्याचे धरले तर आमच्या रस्त्याला अठरा टनच उरले. ही युक्ती थांबवायला सोपा उपाय आहे. बिल मंजूर करतानाच मूळ चलनावर कामाचे नाव घालून ते रद्द केल्याचा शिक्का मारायचा. जेथे मूळ चलन मागितले जात नाही, तेथे एका टँकरवर तीन-तीन गावे काळी होतात.

डांबर पंचवीसऐवजी अठरा टन असेल, तर चाचण्यांच्या वहीत ते दिसायला हवे होते. डांबरी मिश्रणाचा नमुना घेतात, यंत्रात फिरवून द्रावकाने त्यातले डांबर धुऊन काढतात, आणि आधीच्या व नंतरच्या वजनावरून टक्केवारी काढतात. दिवसाला निदान दोन नमुने घ्यायचे असतात. आमच्या रस्त्यावर हा थर तीन दिवसांत टाकला. सहा चाचण्या हव्यात, आणि नेमक्या सहाच होत्या. निकाल : ३.३, ३.४, ३.३, ३.४, ३.३, ३.४. घड्याळाचा लंबकही इतका इमानी नसतो. खऱ्या भट्टीचे निकाल ३.१, ३.५, ३.३, ३.६ असे पसरतात, कारण खडी कधी ओली असते, डांबर कधी गरम असते, आणि भट्टीवरचा माणूस रात्रभर जागलेला असतो. एखादा निकाल मर्यादेबाहेर जातो, मग त्यापुढे ‘गाडी परत केली’ असा शेरा पडतो. ज्या वहीत एकही नापास नमुना नाही, ती मी दोनदा वाचतो.

त्याहून मोठी गंमत तारखांची. मोजमाप पुस्तकाप्रमाणे डांबरी थर मार्चच्या १२, १३ आणि १४ तारखांना टाकला. चाचण्या मात्र ११, १२ आणि १३ च्या. मिश्रण तयार होण्याच्या आदल्या दिवशी त्याचे डांबर धुऊन निघाले होते! दोन वह्या दोन वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या दिवशी, घाईने भरल्या की असे होते. म्हणून एका मोठ्या कागदावर मी चार रकाने आखतो : माल आल्याची तारीख, चाचणीची तारीख, थर टाकल्याची तारीख, माप घेतल्याची तारीख. त्या याच क्रमाने पुढे गेल्या पाहिजेत; फक्त डांबरी मिश्रणाची चाचणी आणि ते टाकणे एकाच दिवशी. कोठे क्रम उलटला की तेथे बोट ठेवायचे. या कामाला इंजिनियरिंग लागत नाही. तिथीचे पंचांग वाचणाऱ्याला ते सहज जमते.

आता जमिनीत शिरायची वेळ आली. येथे लोक एक चूक करतात : रात्री कुदळ घेऊन रस्ता खणतात आणि फोटो काढतात. असा खड्डा कोणी मानत नाही, उलट सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केल्याचा आरोप अंगावर येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. कागद मिळवणे एवढाच तो अधिकार नाही. कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हेही कलम २ मधल्या व्याख्येत स्पष्ट लिहिले आहे. गुरुजींनी त्याखाली अर्ज केला. दोन महिने टाळाटाळ झाली, अपील झाले, आणि अखेर उपअभियंता, कंत्राटदाराचा माणूस, गुरुजी आणि वाडीचे दहा-बारा लोक यांच्यासमोर पाच ठिकाणी खड्डे घ्यायचे ठरले. चार जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या. पाचवीची हकीकत नंतर सांगतो.

खड्डा फूटभर लांब-रुंद, कडा उभ्या सरळ कापायच्या, म्हणजे थर पुस्तकाच्या पानांसारखे वेगळे दिसतात. पोलादी पट्टी लावून चारही बाजूंना प्रत्येक थराची जाडी घ्यायची आणि सरासरी काढायची. तेथल्या तेथे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्यायच्या. पाहायचे हेही की, खाली दिसणारी खडी नवीन थराची की जुन्या रस्त्याची. जुनी खडी मातीने भरलेली आणि कडा झिजलेली असते. कित्येकदा तीच नव्या मापात मोजली जाते.

दाबलेल्या खडीचे दोन थर मिळून १५० मिलिमीटर हवेत. पाच खड्ड्यांत निघाले १४५, १२०, ८५, ११८ आणि ११२. सरासरी ११६. एका जागी पाच-सात मिलिमीटर कमी निघाले म्हणून कोणाला चोर म्हणू नये. खाली मुरूम उंचसखल असतो, रोलर सगळीकडे सारखा बसत नाही. पहिला खड्डा तसा होता, आणि तो आम्ही बरोबर धरला. पण सरासरीच चौतीसने खाली असेल तर तो उंचसखलपणा नव्हे. ४,३६५ चौरस मीटरला ११६ मिलिमीटर म्हणजे ५०६ घनमीटर. बिल ६७५ चे. १६९ घनमीटर खडी, म्हणजे बिलाचा चौथा हिस्सा, आलीच नव्हती. आणि आता पासांकडे परत पाहा : २३० ब्रासांतून साडेचारशे ते पाचशे चाळीस होईल, असे त्यांनी आधीच सांगितले होते. कागद आणि कुदळ यांचा जबाब एक झाला. चोरीच्या खाणीची शक्यता तेव्हा मी सोडली.

डांबरी थराची जाडी मात्र जवळजवळ पुरी निघाली. सत्तेचाळीस ते पन्नास. कंत्राटदाराचा माणूस त्यावर मोठ्याने बोलू लागला. परंतु थर पुरा आणि डांबर सात टन कमी, याचा अर्थ एकच होतो की खडीला डांबर कमी लावले. दोन जागचे तुकडे सर्वांसमोर पिशवीत घालून, सील करून, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवले. निकाल २.४ आणि २.६ टक्के. पहिल्या पावसात खड्डे का पडले त्याचे कारण एवढेच. डांबर कमी पडले की खडीच्या दाण्यावर पुरती पापुद्री बसत नाही, पाणी आत शिरते, आणि जड चाकाखाली दाणा दाण्यापासून सुटतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे काम वर्षभरात तपासले म्हणून जमले. चार-पाच वर्षांनी वरचा पदर झिजतो, डांबर कडक होते, आणि खड्ड्यातली जाडी कोणाची चूक म्हणावी ते कळत नाही. मातीच्या भरावाबद्दल मघाशी बोललोच. शिवाय सगळ्या वह्या एकाच हुशार माणसाने एकत्र बसून भरल्या तर तारखाही जुळतात आणि निकालही ओबडधोबड करून लिहिता येतात. तेथे कागद हरतो. बाहेरचा तपासनीस नेमला की प्रश्न सुटतो असेही नाही. २०१६ साली मुंबई महापालिकेने ३४ रस्त्यांची चौकशी केली, तेव्हा गुन्हे केवळ कंत्राटदारांवर दाखल झाले नाहीत; त्या कामांच्या दर्जाची तपासणी करण्यासाठी पैसे देऊन नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षक संस्थांवरही झाले. आणि कनिष्ठ अभियंत्याची बाजूही ऐकावी. मला भेटलेल्या कित्येकांकडे एका वेळी दहा-बारा कामे होती, जायला वाहन नव्हते, आणि मार्च संपण्यापूर्वी बिल काढण्याचा तगादा होता. त्याने सही केली ही चूकच. पण तसे त्याला कोणी लावले हेही विचारायला हवे.

जेथे कागद हरतो तेथे काय उरते? काम करणारा माणूस उरतो. राजस्थानात अरुणा रॉय यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ सालापासून जनसुनवाई भरवायला सुरुवात केली, तीत करत एवढेच की गावात मांडव घालून मस्टर आणि बिले मोठ्याने वाचायची. ज्याचे नाव मजुरीला लावले तो उठून सांगे की मी त्या दिवशी गावातच नव्हतो. त्या कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरावे लागले, आणि माहितीच्या अधिकाराची मागणी तेथून देशभर गेली. कामगार चळवळीतून निघालेली ही तपासणीची रीत आहे, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो.

आमच्या पाचव्या खड्ड्याची हकीकतही त्यातलीच. चिठ्ठ्या टाकून झाल्या तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. त्या रस्त्यावर तिने खडी वाहिली होती. ती उपअभियंत्याला म्हणाली, ‘‘साहेब, तुम्ही त्या बाभळीजवळ खणा. तिथं दुसऱ्या थराला आम्ही पाट्या टाकल्याच न्हाईत. गाड्या आल्या न्हाईत म्हणून मुकादमानं दुपारीच सुट्टी दिली, आन् दुसऱ्या दिवशी वरून बारीक कच पसरला.’’ उपअभियंता जरा थांबला, कंत्राटदाराच्या माणसाने हरकत घेतली, पण लोकांनी ऐकले नाही. ८५ मिलिमीटर निघाले ते त्या बाभळीजवळ. एक थर ७५ चा आणि त्यावर बोटभर कच.

मोजमाप पुस्तकात त्या साखळीसमोर १५० लिहिले होते. उपअभियंत्याने ते एका रेघेने छेदले, वर ८५ लिहिले आणि सही करून तारीख घातली. अंतिम बिल अजून निघायचे होते; त्यातून १६९ घनमीटर खडीची रक्कम आणि फरशीवरचे डांबर वजा झाले, आणि डांबरी थर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने काढून पुन्हा टाकावा असा हुकूम निघाला. दुसऱ्या रस्त्याची फाईल गुरुजींनी नंतर उघडली.